शॉर्टलिस्ट लागल्यावर केटी निघाली तर

कॅम्पस प्लेसमेंटमध्ये कंपनीकडे विद्यार्थ्याची पहिली ओळख पोहोचते ती त्याने भरलेल्या फॉर्ममधून. त्यात दहावी-बारावीचे टक्के, पदवीचा सीजीपीए आणि ‘चालू बॅकलॉग’ असे रकाने असतात. चालू बॅकलॉग म्हणजे अजून न सुटलेला विषय, आपल्याकडच्या कॉलेजच्या बोलीत केटी. एकदा नापास होऊन नंतर सुटलेला विषय यात धरत नाहीत. काही कंपन्या त्याचा रकाना वेगळा ठेवतात. अनेक कंपन्यांची अट सगळीकडे ६० टक्के किंवा ६ सीजीपीए अशी असते, आणि चालू बॅकलॉग मुळीच नको किंवा फार तर एक चालेल, असेही सांगितलेले असते.

शॉर्टलिस्ट लागल्यावर एचआरला पाठवायच्या मेलमध्ये कमी गुण आणि केटी यांना एकाच मापाने मोजून चालत नाही. गुण कंपनीने आधीच पाहिलेले असतात आणि ते पाहूनच नाव यादीत घेतलेले असते. ६.२ सीजीपीएबद्दल आपणहून दिलगिरी व्यक्त करणारा उमेदवार समोरच्याचे लक्ष नेमके तिकडे वळवतो. विचारले तर एका वाक्यात उत्तर द्यावे, न विचारता मेलमध्ये तो विषय काढू नये. अपवाद एकच, फॉर्ममधला आकडा चुकलेला असेल तर. ५.९६ चे ६ करून लिहिणे, किंवा सीजीपीएचे टक्के विद्यापीठाच्या सूत्राऐवजी सरळ दहाने गुणून काढणे, या चुका नेहमीच्या आहेत. कागदपत्रांच्या पडताळणीत त्या उघड्या पडतात, म्हणून आधीच दुरुस्त केलेल्या बऱ्या.

केटीचे तसे नाही, कारण ती फॉर्म भरल्यानंतरही उगवते. मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाच्या एका विद्यार्थ्याचे उदाहरण घेऊ. २० जुलैला त्याने फॉर्म भरला, तेव्हा सहाव्या सत्राचा निकाल लागलेला नव्हता. चालू बॅकलॉगच्या रकान्यात त्याने शून्य लिहिले, आणि त्या दिवशी ते खरेही होते. ४ ऑगस्टला निकाल आला, त्यात एक विषय राहिला. ६ तारखेला शॉर्टलिस्टमध्ये त्याचे नाव झळकले आणि मुलाखत १२ तारखेला ठरली.

अशा वेळी पहिली गाठ घ्यायची ती कॉलेजच्या टीपीओंची, म्हणजे प्लेसमेंट अधिकाऱ्यांची. बऱ्याच कॉलेजांत विद्यार्थ्याने कंपनीशी परस्पर बोललेले चालत नाही, शिवाय कॉलेजने पाठवलेल्या यादीतही तोच शून्य गेलेला असतो. त्यांच्या संमतीने, त्यांना प्रत ठेवून, मुलाखतीच्या आधी मेल जातो. मेल इंग्रजीतच लिहितात. मजकूर साधारण असा असावा :

“मुलाखतीसाठी निवड केल्याबद्दल आभार. २० जुलैच्या फॉर्ममध्ये मी चालू बॅकलॉग शून्य लिहिला होता. ४ ऑगस्टला लागलेल्या सहाव्या सत्राच्या निकालात माझा एक विषय, हीट ट्रान्स्फर, राहिला आहे. त्याची परीक्षा मी हिवाळी सत्रात देणार आहे आणि रुजू होण्याआधी निकाल अपेक्षित आहे. गुणपत्रिका सोबत जोडली आहे. आपल्या निकषांनुसार मी मुलाखतीस पात्र आहे का, ते कृपया कळवावे.”

यात नापास होण्याचे कारण नाही, ते मुद्दामच. आजारपण, अवघड पेपर, तपासणीतला अन्याय हे सगळे खरे असले तरी एचआरला त्यातले काही पडताळून पाहता येत नाही. त्यांना हवे असते ते विषय किती राहिले आणि कधी सुटतील एवढेच. पुनर्मूल्यांकनासाठी अर्ज केला असेल तर ‘अर्ज केला आहे’ इतकेच लिहावे. ‘सुटेलच’ असे लिहिले आणि गुण वाढले नाहीत, तर दुसऱ्यांदा दुरुस्ती कळवायची वेळ येते.

एकही बॅकलॉग चालणार नाही अशी कंपनीची अट असेल, तर असा मेल ती बदलू शकत नाही आणि नाव यादीतून जाते. तरीही सांगण्यातच कमी तोटा आहे, आणि त्याचे कारण कॉलेजच्या नियमात सापडते. अनेक कॉलेजांत एक ऑफर मिळाली की त्या विद्यार्थ्याला पुढच्या कंपन्यांना बसू देत नाहीत. केटी लपवून मिळवलेली ऑफर पुढे पडताळणीत रद्द झाली, तर हातची नोकरी जाते आणि मधल्या काळात येऊन गेलेल्या कंपन्याही हुकलेल्या असतात. ऑगस्टमध्येच नाव कटले, तर पुढच्या कंपनीच्या फॉर्ममध्ये खरा आकडा लिहून बसता येते.

‘मुलाखतीला या’ असे उत्तर आले म्हणजे केटी माफ झाली असे नाही. ऑफर लेटरमध्ये बहुधा अमुक तारखेपर्यंत सर्व विषय सुटून पदवी पूर्ण झालेली असावी, अशी अट असते. ती तारीख आणि हिवाळी परीक्षेच्या निकालाचा अंदाज शेजारी ठेवून पाहावेत. निकाल उशिरा लागण्याची शक्यता दिसली, तर तेही टीपीओंमार्फत वेळीच कळवावे लागते. विषय सुटला की त्याच मेलच्या साखळीत नवी गुणपत्रिका जोडून दोन ओळींचे उत्तर पाठवतात, म्हणजे पडताळणी करणाऱ्याला जुना शून्य, मधला एक आणि शेवटचा शून्य एकाच जागी दिसतात.