पाण्यातली रेघ

संध्याकाळचे सात वाजून गेले होते. पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत पीएचडीच्या दुसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी जेलचा फोटो बघत उभी होती. फोटोत काळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या रेघा होत्या. प्रत्येक रेघ म्हणजे रक्ताच्या एका नमुन्यात सापडलेला मलेरियाच्या परजीवीचा डीएनए. शेवटच्या दोन रकान्यांत रक्त नव्हतंच, नुसतं पाणी होतं. त्यातला एक रकाना रिकामा होता आणि दुसऱ्यात एक फिकट, पण सरळ रेघ उमटली होती.

ही मुलगी कल्पित आहे, तिचे आकडेही कल्पित आहेत. पण असा फोटो न पाहिलेला रेणवीय जीवशास्त्राचा विद्यार्थी शोधून सापडणार नाही. त्या रेघेमुळे नेमकं काय काय डळमळतं, हे समजण्यासाठी ती काय करत होती हे आधी बघावं लागेल.

महाराष्ट्रात मलेरियाचं मोठं ओझं गडचिरोली जिल्हा वाहतो. तिथल्या काही गावांतून जून, ऑगस्ट आणि ऑक्टोबर अशा तीन वेळा प्रत्येकी चाळीस जणांच्या रक्ताचे थेंब गाळणकागदावर वाळवून तिच्याकडे आले होते. काही लोकांच्या रक्तात परजीवी इतके कमी असतात की सूक्ष्मदर्शकाखाली दिसत नाहीत, तापही येत नाही, पण त्यांना चावलेला डास रोग पुढे नेऊ शकतो. असे छुपे रुग्ण पीसीआरने शोधायचे, हा तिचा विषय.

पीसीआर म्हणजे डीएनएच्या एका ठरावीक तुकड्याच्या प्रती काढत जाणं. मिश्रण 94-95 अंशांपर्यंत तापवलं की डीएनएचे दोन धागे सुटतात. थंड केलं की प्रायमर नावाचे छोटे तुकडे नेमक्या जागी चिकटतात. मग 72 अंशांवर एन्झाइम नवे धागे विणतं. प्रत्येक फेऱ्यात प्रती दुप्पट होतात, त्यामुळे हिशेबाने तीस फेऱ्यांत एका रेणूचे शंभर कोटींहून जास्त होतात. कॅरी मुलिस यांना 1983 साली सुचलेल्या या युक्तीला दहा वर्षांनी नोबेल मिळालं.

तिची पद्धत नेस्टेड, म्हणजे दोन टप्प्यांची होती. पहिल्या टप्प्यात मोठा तुकडा वाढवायचा, मग ती नळी उघडून त्यातला एक मायक्रोलिटर दुसऱ्या नळीत टाकायचा आणि त्या मोठ्या तुकड्याच्या आतला छोटा तुकडा पुन्हा वाढवायचा. फाल्सिपेरम जातीचा परजीवी असेल तर 205 बेसपेअर लांबीवर रेघ येते. रक्तातले अगदी मोजके परजीवीही यात सापडतात. पण या पद्धतीचा धोकाही त्या ‘नळी उघडून’मध्येच आहे. पीसीआर संपलेल्या 20 मायक्रोलिटरच्या नळीत त्या तुकड्याच्या साधारण एक लाख कोटी प्रती असू शकतात. झाकण उघडताना किंवा पिपेटचं बटण सोडताना हवेत उडणारा तुषार मायक्रोलिटरच्या दशलक्षांश भागाएवढा असला, तरी त्यात पन्नास हजार प्रती बसतात. रेघ उमटायला थोडेच रेणू पुरतात.

म्हणून प्रत्येक वेळी पाण्याची नळी ठेवायची. तिच्यात प्रायमर, एन्झाइम, सगळं असतं, फक्त रक्तातला डीएनए नसतो. हा निगेटिव्ह कंट्रोल. तिथे रेघ आली तर डीएनए बाहेरून आला. आणि तोच बाहेरचा डीएनए शेजारच्या चाळीस नळ्यांतही गेलेला असू शकतो.

मनात पहिला विचार आला तो प्रायमर-डायमरचा. प्रायमर एकमेकांना चिकटूनही एक पुसट डाग पडतो. पण तो शंभर बेसपेअरच्या बराच खाली पडतो आणि पसरट दिसतो. ही रेघ शेजारच्या रुग्णांच्या रेघांना अगदी समांतर, 205 वर होती. तिने वही मागे उलटली. ऑगस्टच्या फोटोतही पाण्याच्या एका रकान्यात, त्याच उंचीवर, जेमतेम दिसेल असं काहीतरी होतं. खाली तिच्याच अक्षरात लिहिलेलं होतं: ‘प्रायमर-डायमर, दुर्लक्ष.’

शुक्रवारपर्यंत परिषदेसाठी सारांश पाठवायचा होता. जूनमध्ये छुपे रुग्ण 2, ऑगस्टमध्ये 5 आणि ऑक्टोबरमध्ये 8. पावसाळ्यानंतर छुपा मलेरिया वाढतो, हा निष्कर्ष पटण्यासारखा होता आणि गाईडना तो आवडलाही होता.

मशीन रिकामं होतं. रात्री पुन्हा तोच प्रयोग लावला तर? पाणी स्वच्छ आलं तर आजचा फोटो वहीत चिकटवायची गरजच उरणार नव्हती. हा मोह खरा असतो, आणि तो फसवा का असतो हे पुढच्या आठवड्यात तिला आकड्यांतून कळलं. तिने त्या रात्री मशीन लावलं नाही. फोटो छापून वहीत लावला, तारीख घातली आणि घरी गेली.

सकाळी साडेनऊला ती गाईडच्या खोलीच्या दारात उभी राहिली. “सर, कालच्या जेलमध्ये पाण्याला बँड आहे. आणि ऑगस्टच्या जेलमध्येही होता असं मला आता वाटतंय. तेव्हा मी तो डायमर म्हणून सोडून दिला.”

सरांनी फोटो खिडकीकडे धरला. बराच वेळ ते काही बोलले नाहीत.

“कुठल्या टप्प्याचं पाणी?”

“दुसऱ्या, सर. पहिल्या टप्प्यापासून चालवलेलं पाणी स्वच्छ आहे.”

“जून?”

“जूनचे दोन्ही कंट्रोल स्वच्छ आहेत. पाण्याची बाटली वेगळी होती. आताची बाटली ऑगस्टला उघडली, वहीत नोंद आहे.”

“बरं झालं, काल रात्रीच परत लावलं नाहीस,” सर म्हणाले. “सारांश थांबव. आधी बाटली तपासू. पण काही टाकून देऊ नकोस. ना पाणी, ना प्रायमर.”

आपली चूक सांगायला येताना तिने नोंदीही आणल्या होत्या, म्हणून हे बोलणं पाच मिनिटांत कामाला लागलं. नुसतं ‘काहीतरी गडबड झाली’ एवढंच सांगितलं असतं, तर सरांना विचारण्यासारखं काही उरलं नसतं.

तपासणी साधी होती. जुन्या बाटलीतल्या पाण्याच्या सोळा नळ्या लावल्या, रक्ताचा एकही नमुना नाही. सोळापैकी तीन नळ्यांत रेघ आली. सगळ्या सोळांत आली असती, तर घाण भरपूर आहे असं म्हणता आलं असतं. तिनांतच आली याचा अर्थ पाण्यात डीएनएचे रेणू इतके विरळ होते की बहुतेक नळ्यांच्या वाट्याला एकही येत नव्हता. मग बाकी सगळं तेच ठेवून फक्त पाणी नवं घेतलं. सोळात शून्य. सरांनी आणखी सोळा लावायला सांगितल्या, कारण पहिलं शून्य योगायोगानेही येऊ शकलं असतं. पुन्हा शून्य. आता बाटलीवर बोट ठेवता येत होतं.

इथे त्या रात्रीच्या मोहाचा हिशेब लागतो. दूषित पाण्याचीही एक नळी स्वच्छ निघण्याची शक्यता सोळात तेरा. दोन्ही कंट्रोल स्वच्छ निघण्याची शक्यता जवळजवळ दोन तृतीयांश. म्हणजे तिने रात्री प्रयोग पुन्हा लावला असता, तर बहुधा फोटो निर्मळ आला असता, आणि पाणी मात्र तेच राहिलं असतं.

दुसरा हिशेब जास्त बोचरा होता. ऑक्टोबरच्या चाळीसपैकी नऊ जण सूक्ष्मदर्शकाखालीच पॉझिटिव्ह होते. उरलेले एकतीस. त्या प्रत्येकाच्या नळीत तेच पाणी होतं. सोळात तीन या दराने सहाएक जणांना निव्वळ पाण्यामुळे मलेरिया ‘झाला’ असता. सापडलेले छुपे रुग्ण आठ होते.

बाटलीत डीएनए गेला कसा? पहिल्या टप्प्याच्या नळ्या ज्या टेबलावर उघडल्या जात, तिथेच ती ठेवलेली असे आणि दोन्हींसाठी पिपेटही एकच होतं. टिप प्रत्येक वेळी नवी, पण पिपेटच्या नळकांड्यात चढलेला तुषार टिपेबरोबर जात नाही. टेबल रोज 70 टक्के अल्कोहोलने पुसलं जाई. अल्कोहोलने जंतू मरतात, डीएनए तुटत नाही. त्यासाठी ब्लीच लागतं.

निर्जंतुक म्हणजे डीएनएमुक्त नव्हे, ही गोष्ट जर्मन पोलिसांना फार महागात पडली. हाइलब्रॉन शहरात 2007 साली एका पोलीस महिलेचा खून झाला. तिथे सापडलेला एका अनोळखी स्त्रीचा डीएनए जर्मनी, ऑस्ट्रिया आणि फ्रान्समधल्या सुमारे चाळीस गुन्ह्यांच्या जागी मिळाला. खून, घरफोड्या, कशाचा कशाला मेळ नाही. अखेर 2009 साली उलगडा झाला. नमुने घेण्याच्या कापसाच्या काड्या बांधणाऱ्या एका कामगार स्त्रीचा तो डीएनए होता. काड्या निर्जंतुक केलेल्या होत्या. कोरी काडी नियमाने तपासली गेली असती, तर त्या ‘गुन्हेगारा’चा माग इतकी वर्षं काढावा लागला नसता.

कोविडच्या सुरुवातीला, फेब्रुवारी 2020 मध्ये, अमेरिकेच्या सीडीसी या संस्थेने राज्यांच्या प्रयोगशाळांना चाचणीचे संच पाठवले. अनेक ठिकाणी वापरण्याआधीच्या पडताळणीत पाण्याच्या नळ्या पॉझिटिव्ह आल्या. त्या प्रयोगशाळांनी हे लगेच कळवलं आणि संच वापरले नाहीत. चाचणीला काही आठवड्यांचा उशीर झाला, त्यावर टीकाही खूप झाली. पुढे संस्थेच्याच तपासणीत दिसलं की एका घटकात कृत्रिम डीएनए मिसळला होता आणि दुसऱ्याच्या रचनेतच दोष होता. पाण्याच्या नळीने दोन्हींची खूण आधीच दिली होती.

गडचिरोलीचे नमुने पुन्हा करायचे ठरलं. तेही सरळ नव्हतं. परजीवी अगदी थोडे असतील तर खरा पॉझिटिव्ह नमुनाही एखाद्या वेळी कोरा निघतो, कारण कागदाच्या त्या तुकड्यात परजीवी आलेलाच नसतो. त्यामुळे एकदा रेघ आली नाही म्हणून आधीची खोटी ठरवता येत नाही. रेघेचा अनुक्रम वाचूनही उपयोग नव्हता, कारण दूषित डीएनएही त्याच परजीवीचा. मग प्रत्येक गाळणकागदातून तीन नवे तुकडे कापले, प्रत्येकातून वेगळा डीएनए काढला, सोबत कोरा कागदही चालवला, आणि तीनपैकी दोनदा रेघ आली तरच पॉझिटिव्ह धरायचं असं आधीच लिहून ठेवलं. सात आठवडे लागले.

नवे आकडे असे आले: जून 2, ऑगस्ट 2, ऑक्टोबर 3. छुपे रुग्ण होते, पण पावसाळ्यानंतरची वाढ उरली नाही. ती बाटली जसजशी अधिक वेळा उघडली गेली, तसतशी वाढत गेली होती.

परिषदेला सारांश गेला नाही. आता पाणी एकेका मिलिलिटरच्या नळ्यांत भरून दुसऱ्या खोलीत ठेवतात आणि उरलेलं त्याच दिवशी टाकतात. दुसऱ्या टप्प्यासाठी फिल्टरच्या टिप आणि वेगळं पिपेट आहे, कंट्रोल दोनऐवजी आठ असतात. ऑगस्टच्या पानावर ‘प्रायमर-डायमर, दुर्लक्ष’ या शब्दांवर तिने एकच आडवी रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी. शेजारी लिहिलं: ‘205 बेसपेअर. पाणी दूषित. सरांना सांगितलं.’ आणि तारीख, सही.