बिलात नंबर दुसऱ्याचा, टॅक्स जास्त : दुरुस्ती मागताना प्रत्येक चूक वेगळी लिहा

जव्हार-मोखाडा : आपल्याकडचे दुकानदार माल कधी नाशिकहून आणतात, कधी वापीहून, कधी सिल्वासाहून. नाशिक महाराष्ट्रात, वापी गुजरातमध्ये आणि सिल्वासा केंद्रशासित प्रदेशात. त्यामुळे एकाच दुकानात तीन ठिकाणची, तीन तऱ्हेची जीएसटी बिलं जमा होतात आणि घोळ इथेच होतो. बिल चुकलं की आपण व्यापाऱ्याला फोन करून सांगतो, "शेठ, बिल चुकलंय, नीट करून पाठवा." तिकडचा मुलगा एक चूक सुधारतो, बाकीच्या तशाच राहतात. म्हणून दुरुस्ती लेखी मागायची आणि त्यात प्रत्येक चूक वेगळी मांडायची. ते कसं, हे एका उदाहरणातून पाहू.

उदाहरण : सिमेंटचं बिल

समजा, मोखाड्यातल्या एका जीएसटी नोंदणी असलेल्या हार्डवेअर दुकानदाराने सिल्वासाच्या व्यापाऱ्याकडून सिमेंट मागवलं. भाव टॅक्स सोडून गोणीला 300 रुपये. गोणी आल्या 100. बिल आलं 6 ऑक्टोबर 2025 चं, ते असं :

120 गोणी × 300 = 36,000 रुपये
सीजीएसटी 14 टक्के = 5,040 रुपये
यूटीजीएसटी 14 टक्के = 5,040 रुपये
एकूण = 46,080 रुपये

बिलावर दुकानाचं नाव बरोबर होतं, पण जीएसटी नंबर 26 ने सुरू होत होता.

चूक कुठे आहे, हे कसं ओळखायचं?

जीएसटी नंबर 15 अक्षरांचा असतो. पहिले दोन आकडे राज्याचे. महाराष्ट्राचा 27, गुजरातचा 24, दादरा-नगर हवेली आणि दमण-दीवचा 26. पुढची दहा अक्षरं म्हणजे पॅन नंबर. मोखाड्याच्या दुकानाचा नंबर 27 नेच सुरू व्हायला हवा. इथे 26 आहे, म्हणजे व्यापाऱ्याच्या कॉम्प्युटरवर सारख्या नावाचं सिल्वासाचंच दुसरं गिऱ्हाईक निवडलं गेलं.

शंका असेल तर मोबाइलवर www.gst.gov.in उघडा आणि Search Taxpayer मध्ये बिलावरचा नंबर टाका. तो कुणाच्या नावावर आहे ते लगेच दिसतं. नंबरमधलं शेवटचं अक्षर पडताळणीसाठी असतं. त्यामुळे टाइप करताना एखादं अक्षर चुकलं तर पोर्टल तो नंबर सहसा घेतच नाही. पण दुसऱ्या गिऱ्हाइकाचा खरा नंबर पडला तर पोर्टल तो निमूट घेतं. ही चूक जास्त महागात पडते.

दुसरी चूक पहिलीतूनच आली. गिऱ्हाईक सिल्वासाचं धरल्यामुळे कॉम्प्युटरने टॅक्स तिथल्या तिथला लावला, सीजीएसटी आणि यूटीजीएसटी. माल तर मोखाड्याला आला. सिल्वासाहून महाराष्ट्रात आलेल्या मालावर एकच आयजीएसटी लागतो. नोंदणी असलेल्या दुकानदाराने माल स्वतःच्या टेम्पोने आणला तरी हाच नियम.

तिसरी चूक दराची. सिमेंटवरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 28 वरून 18 टक्के झाला. बिल त्यानंतरचं आहे, तरी दर जुनाच.

चौथी चूक नगाची. डिलिव्हरी चलनावर 100 गोणी, बिलात 120.

बरोबर हिशेब असा : 100 × 300 = 30,000, त्यावर 18 टक्के आयजीएसटी 5,400, एकूण 35,400 रुपये. म्हणजे बिल 10,680 रुपयांनी फुगलेलं आहे.

नुकसान तेवढंच नाही. हे बिल दुकानदाराच्या जीएसटीआर-2बी मध्ये येणारच नाही. ते त्या सिल्वासावाल्याच्या खात्यात दिसेल. 2बी मध्ये बिल नाही तर भरलेल्या टॅक्सची वजावट, म्हणजे आयटीसी, मिळत नाही. 10,080 रुपये टॅक्स खिशातून जाईल आणि वजावट शून्य.

अर्ज असा लिहा

व्हॉट्सॲपवर आणि ईमेलवर दोन्हीकडे पाठवा. सोबत बिल, डिलिव्हरी चलन आणि आपल्या जीएसटी नोंदणी प्रमाणपत्राचा फोटो जोडा.

*विषय : बिल क्र. ____, दि. 6 ऑक्टोबर 2025 मध्ये दुरुस्तीबाबत*

*महोदय, वरील बिलात पुढील चुका आहेत :*

*1. जीएसटी नंबर : बिलात 26 ने सुरू होणारा दुसऱ्याचा नंबर आहे. आमचा नंबर 27____ आहे. प्रमाणपत्र जोडले आहे.*

*2. टॅक्सचा प्रकार : बिलात सीजीएसटी + यूटीजीएसटी आहे. माल मोखाडा, महाराष्ट्र येथे आल्यामुळे आयजीएसटी हवा.*

*3. टॅक्सचा दर : बिलात 28 टक्के आहे. 18 टक्के हवा.*

*4. नग : बिलात 120 गोणी आहेत. चलनाप्रमाणे 100 मिळाल्या.*

*5. एकूण रक्कम : बिलात 46,080 रुपये आहेत. 35,400 रुपये हवेत.*

*कृपया दुरुस्त बिल द्यावे आणि आपल्या जीएसटीआर-1 मध्येही तशीच नोंद करावी.*

शेवटची ओळ विसरू नका. कागद सुधारला आणि पोर्टलवर जुनीच नोंद राहिली तर 2बी मध्ये काही बदलत नाही. पेनाने खाडाखोड करून सही-शिक्का मारलेलं बिलही त्यामुळेच उपयोगाचं नाही.

किती दिवसांत मागायचं?

माल उतरला त्याच दिवशी बिल तपासा. दर महिन्याला रिटर्न भरणारा व्यापारी जीएसटीआर-1 पुढच्या महिन्याच्या 11 तारखेपर्यंत भरतो. आपल्या उदाहरणात 11 नोव्हेंबर. त्याने तो भरण्याआधी कळवलं तर जुनं बिल रद्द करून नवं देणं सोपं असतं. मात्र व्यापाऱ्याला ई-इनव्हॉइस लागू असेल, म्हणजे बिलावर सरकारी क्यूआर कोड आणि आयआरएन नंबर असेल, तर ते पोर्टलवर रद्द करायला फक्त 24 तास मिळतात.

वेळ निघून गेली तरी मार्ग आहे. नंबर बरोबर आणि फक्त रक्कम जास्त असेल तर व्यापारी फरकाची क्रेडिट नोट देतो. इथल्यासारखं गिऱ्हाईकच चुकलं असेल तर साधारणपणे जुन्या बिलावर पूर्ण रकमेची क्रेडिट नोट काढून आपल्या नावावर नवं बिल करतात. 2025-26 च्या बिलांसाठी शेवटची मुदत 30 नोव्हेंबर 2026 आहे. व्यापाऱ्याने वार्षिक रिटर्न त्याआधी भरलं तर मुदत तिथेच संपते.

"टॅक्स तर मी भरून टाकला," असं व्यापारी म्हणाला तर त्याला कलम 77 सांगा. चुकून सीजीएसटी-यूटीजीएसटी भरला असेल तर आयजीएसटी भरून आधीचा टॅक्स परत मागता येतो, आणि त्या आयजीएसटीवर व्याज लागत नाही.

दुरुस्ती होईपर्यंत 35,400 रुपयेच द्या आणि वादाची रक्कम कळवून थांबवा. पण सगळेच पैसे अडवून ठेवू नका. बिलापासून 180 दिवसांत पैसे दिले नाहीत तर घेतलेली वजावट व्याजासह परत करावी लागते. पुढच्या महिन्याच्या 14 तारखेनंतर 2बी उघडा आणि नवं बिल आलं का, रक्कम जुळते का, ते पाहा.

व्यापारी ऐकतच नसेल तर Search Taxpayer मध्ये त्याचा नंबर टाका. त्याचं जीएसटी कार्यालय कोणतं, ते तिथे दिसतं. हाच मुद्देवार अर्ज तिकडे पाठवता येतो. ज्यांची नोंदणी नाही, घरासाठी सिमेंट घेतलं, त्यांना वजावट नसते. पण जास्त दर लावला किंवा नग वाढवले तर पैसे त्यांचेही जातातच. त्यांनी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार करावी. बिल मात्र जपून ठेवावं.