खोक्यावरचा एक गुंठा

आदिलाबाद, बेला, जैनथ या पट्ट्यात ज्याच्याकडे बोअर आणि चार-पाच एकर पऱ्हाटी आहे, त्याला ठिबक नवे नाही. पण घरामागच्या सांदवाडीत दोन-चार गुंठ्यांवर वांगी, मिरची, टमाटे लावणाऱ्या घरासाठी जे ठिबक विकले जाते, ते वेगळे प्रकरण आहे. एका खोक्यात नळ्या, ड्रिपर, जाळीचा फिल्टर, कॉक आणि शेवटच्या टोप्या येतात. ड्रम बहुतेक वेळा आपला आपण आणायचा असतो. विजेची मोटर लागत नाही, उंचावर ठेवलेल्या ड्रममधले पाणी आपल्या वजनाने खाली येते.

ही कल्पना गेल्या शतकाच्या अखेरीस आपल्याकडे रुजली. पॉल पोलक या अमेरिकेत राहणाऱ्या मनोविकारतज्ज्ञाने स्थापन केलेल्या ‘आयडीई’ या संस्थेने बादली आणि ड्रमवर चालणारे स्वस्त संच गरीब शेतकऱ्यांसाठी तयार केले. भारतात ते ‘कृषक बंधू’ या नावाने आले. शेतकऱ्यांनी स्वतः केलेला जुगाड तर त्याहून स्वस्त होता. निमाड आणि महाराष्ट्राच्या कापूसपट्ट्यात, ज्या पातळ नळीत बर्फाची ‘पेप्सी’ भरून मिळते, तीच नळी वावरात अंथरून भोके पाडली जात. ती जेमतेम एक हंगाम टिके, पण भाव परवडे.

आता वळू खोक्यावरच्या मजकुराकडे. अशा खोक्यांवर ठरावीक वाक्ये असतात. ती साफ खोटी नसतात. प्रत्येकात एक अर्धे वाक्य गाळलेले असते आणि गैरसमज तिथूनच सुरू होतो.

“निम्मे पाणी वाचते”

कोणाच्या तुलनेत, हे खोक्यावर लिहिलेले नसते. ठिबकने झाडाची तहान कमी होत नाही. दोन ओळींमधली मोकळी जमीन भिजत नाही, पाटात पाणी मुरत नाही, उघड्या ओल्या मातीवरून वाफ कमी होते, ती बचत खरी आहे. म्हणजे आजवर पाटाने पाणी देणाऱ्याचे पाणी वाचते, आणि भरपूर वाचते.

पण दोन गुंठ्यांच्या सांदवाडीत पाट कुठून येणार? तिथे बाई हापशीवरून घागर आणते आणि तांब्याने एकेका बुडात पाणी घालते. तिच्या हातून मुळात फार पाणी वाया जातच नाही. तिला ठिबकने पाणी नव्हे, वेळ वाचतो. एकेका बुडापाशी वाकण्याऐवजी तिला एक कॉक उघडायचा असतो. ही बचत लहान नाही, पण ती पाण्याची म्हणून विकली की पहिल्याच महिन्यात बाई विचारते, “घागरी तर तेवढ्याच लागतात, मग वाचलं काय?” तिचा प्रश्न बरोबर आहे, खोके चुकले आहे.

“200 लिटरच्या एका ड्रमवर एक गुंठा”

याचा हिशेब सविस्तर मांडू, कारण फसगत मुख्यतः इथेच होते.

गुंठा म्हणजे साधारण 33 फूट बाय 33 फूट, सुमारे 100 चौरस मीटर. त्यात वांग्याच्या दहा ओळी, दोन-दोन फुटांवर रोप, म्हणजे ओळीला सोळा आणि एकूण 160 रोपे. जमिनीवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे दर चौरस मीटरला एक लिटर. डिसेंबर-जानेवारीत, थंडीत, दिवसाला साडेतीन मिलिमीटरच्या आसपास पाणी उडते असे धरू. वाढलेल्या पिकाची सावली साठ टक्के जमिनीवर पडते असे धरू. साडेतीन गुणिले शंभर, त्याचे साठ टक्के म्हणजे 210 लिटर. खोके जवळजवळ खरे ठरले, एक ड्रम जेमतेम पुरला.

आता हीच वांगी एप्रिलअखेर उभी आहेत. आदिलाबादचा उन्हाळा सांगायला नको. उडणारे पाणी सात मिलिमीटरवर नेले की गरज 420 लिटर होते. म्हणजे दोन ड्रम, आणि वर थोडे. पंधरा लिटरची घागर धरली तर हिवाळ्यात चौदा खेपा, उन्हाळ्यात अठ्ठावीस. हापशी दारात असेल तर जमेल, पाव किलोमीटरवर असेल तर कुठलाही संच ही बाग मे महिन्यात जगवणार नाही. अशा घराने होळीनंतर अर्धाच गुंठा ठेवावा. खोक्यावर लिहायला हवे ते असे: “हिवाळ्यात एक गुंठा, उन्हाळ्यात अर्धा.” विक्री थोडी घटेल, पण पुढच्या वर्षी तोच माणूस दुकानात परत येईल.

याच हिशेबाने अर्धा एकर, म्हणजे वीस गुंठे, थंडीतसुद्धा रोज एकवीस ड्रम मागतो. ड्रमच्या संचाचे चित्र पऱ्हाटीच्या वावरात छापलेले दिसले तर ते खोके तिथेच ठेवावे. तेवढ्या जमिनीला मोटरवरचे ठिबकच हवे. त्यासाठी केंद्राच्या योजनेत अल्प आणि अत्यल्प भूधारकाला ठरलेल्या खर्चाच्या 55 टक्के अनुदान आहे आणि तेलंगणा सरकार त्यात स्वतःची भर घालते. चौकशी फलोत्पादन कार्यालयात करायची, दुकानात नाही.

“ड्रिपर ताशी 4 लिटर”

हा आकडा बहुधा दहा मीटर उंचीच्या दाबाला मोजलेला असतो, आणि आपला ड्रम असतो एक मीटरवर. दाब दहापट कमी झाला म्हणून पाणी दहापट कमी होत नाही. साध्या ड्रिपरमधून ते साधारण तिसऱ्या हिश्श्यावर येते, ताशी सव्वा लिटर. ड्रम काठोकाठ असेल तेव्हा पाण्याची पातळी आणखी वर असते, म्हणून सुरुवातीला पावणेदोन लिटरपर्यंत मिळते आणि ड्रम संपत आला की सव्वावर उतरते. 160 ड्रिपर मिळून तासाला सुमारे 240 लिटर ओढतात. म्हणजे भरलेला ड्रम पन्नास मिनिटांत रिकामा. तो तीन तास चालला तर समजावे की कुठेतरी तुंबले आहे.

‘दाब सारखा राखणारा’ म्हणून जो महाग ड्रिपर मिळतो, तो इथे घेऊ नये. तो चालायला लागणारा दाब ड्रमच्या उंचीत नसतो.

आता खोक्यावरच्या चित्रातल्या मचाणाकडे बघा. एक मीटर उंच मचाण, त्यावर जवळजवळ तीन फुटांचा ड्रम. ड्रमचे तोंड सहा फुटांवर गेले. घागर तिथवर कोण चढवणार? चित्रात भरणारी बाई कधीच नसते, फक्त टपोरी वांगी असतात. माझे मत असे की हाताने भरायचे असेल तर ओटा दोन फुटांचाच बांधावा. तोंड पाच फुटांवर येते, एक पायरी ठेवली की भरता येते. तोटा किती? पन्नास मिनिटांचे काम तासभर चालते, एवढाच. मात्र उतार असलेल्या जागी कमी उंची महागात पडते, कारण वरच्या ओळींना आधीच कमी दाब मिळतो. तिथे नळ्या उताराला आडव्या अंथराव्यात आणि ड्रम वरच्या बाजूला ठेवावा. जमिनीवरच ठेवलेला ड्रम शेवटी शेवटी जवळच्या रोपांना पाजतो आणि लांबची ओळ कोरडी राहते.

आणखी एक गोष्ट खोक्यावर ठळक छापली पाहिजे: ड्रम पूर्ण भरेपर्यंत कॉक बंद. एकेक घागर ओतत असताना कॉक उघडा राहिला तर पाणी पहिल्या दोन-तीन ओळींतच संपते.

“थेंबाने काय होणार?”

हा गैरसमज खोक्याचा नाही, घेणाऱ्याचा आहे. काळ्या जमिनीत ड्रिपरखाली ताटलीएवढाच ओला डाग दिसतो आणि सासूबाई म्हणतात, “हे काय पाणी झालं, वरून दोन घागरी ओत.” पाणी दिल्यावर तासाभराने डागापासून वीतभर अंतरावर खुरप्याने चार बोटे उकरून बघावे. काळ्या मातीत ओल आतून आडवी पसरलेली सापडते. बरड, मुरमाड जागेत ती आडवी न जाता सरळ खाली उतरते, म्हणून तिथे ड्रिपर दोन फुटांऐवजी फुटावर हवेत.

काळ्या मातीला भेगा पडू देऊ नयेत. एकदा भेग उघडली की थेंब थेंब पाणी त्यातून मुळांच्या खाली निघून जाते. आठवड्याला एकदा तुडुंब देण्यापेक्षा रोज थोडे हे इथे चोचला नाही, मातीची गरज आहे.

“फिल्टर आहे, तुंबण्याची चिंता नाही”

जाळी वाळू आणि कचरा अडवते. पाण्यात विरघळलेला क्षार जाळीतून सरळ पार होतो आणि ड्रिपरच्या तोंडाशी वाळून बसतो. ज्या बोअरच्या पाण्याने घरच्या भांड्यांवर पांढरा थर चढतो, ते पाणी ड्रिपरवरही चढवणारच. ड्रिपरच्या तोंडाशी पांढरी खरपुडी असेल तर क्षार, बुळबुळीत हिरवे असेल तर शेवाळ. शेवाळाला उजेड लागतो, म्हणून ड्रम काळा किंवा गडद निळा घ्यावा आणि त्यावर झाकण असावे. क्षारासाठी उघडता येणारे ड्रिपर घ्यावेत, म्हणजे काढून साफ करता येतात. आठवड्यातून एकदा नळ्यांच्या टोकाच्या टोप्या काढून स्वच्छ पाणी येईपर्यंत वाहू द्यावे. ‘ड्रममधूनच खत द्या’ या ओळीचेही तसेच आहे. युरिया विरघळतो आणि जातो. डीएपीचे दाणे पूर्ण विरघळत नाहीत, खाली गाळ राहतो आणि तोच गाळ नळीत शिरतो. जीवामृतसुद्धा धोतराच्या दुहेरी फडक्यातून गाळल्याशिवाय ड्रममध्ये ओतू नये.

तुंबले आहे की नाही, हे नुसते बघून कळत नाही, कारण प्रत्येक ड्रिपर टपकताना दिसतच असतो. चार सारखे पेले घ्यावेत. पहिल्या ओळीच्या सुरुवातीला एक, टोकाला एक, शेवटच्या ओळीच्या सुरुवातीला एक, टोकाला एक, असे ड्रिपरखाली मातीत बसवावेत. ड्रम भरून कॉक उघडावा आणि सहा मिनिटांनी चारही पेले ओट्यावर शेजारी शेजारी ठेवावेत. सर्वांत भरलेल्या पेल्याच्या मानाने सर्वांत रिता पेला पाऊण असेल तर संच ठीक चालला आहे. अर्ध्यावर असेल तर आधी जाळी धुवावी आणि पुन्हा मोजावे. तरी तोच पेला रिता राहिला तर दोष त्या ड्रिपरात आहे. एका ओळीचे दोन्ही पेले रिते असतील तर दोष त्या ओळीच्या नळीत आहे, आणि दोन्ही ओळींच्या टोकांचे पेले रिते असतील तर ओटा बुटका पडला आहे.