निफ्टी पन्नासची, कंपन्या एकावन्न

२० जुलै २०२३ या दिवशी निफ्टी ५० मध्ये एकावन्न कंपन्या होत्या. ही छपाईची चूक नव्हती. निर्देशांक सांभाळणाऱ्या एनएसई इंडायसेस या कंपनीने तसं आधीच जाहीर केलं होतं. तरीही आपापल्या संगणकावर निफ्टीतल्या सगळ्या शेअरांची रोज तपासणी करणाऱ्या हौशी मंडळींच्या प्रोग्रॅमना अडचणीत आणायला तेवढा दिवस पुरेसा होता.

असे प्रोग्रॅम आता बरेच जण चालवतात. कोणी स्प्रेडशीटमध्ये, कोणी पायथनमध्ये. त्यातला आवडता प्रश्न असा: निफ्टीतले किती शेअर आपल्या गेल्या २०० दिवसांच्या सरासरी भावाच्या वर आहेत? चार-पाच वजनदार कंपन्यांच्या जोरावर निर्देशांक चढू शकतो. तो चढ सर्वदूर आहे की मोजक्याच शेअरांचा, हे या आकड्यावरून कळतं. हिशेब सोपा आहे, कोड दहा-पंधरा ओळींचा. त्यात सगळ्यात वर पन्नास नावं टाइप केलेली असतात, आणि बिघाडाची सुरुवात त्या यादीतच होते. यादी लिहिली त्या दिवशी ती बरोबर असते. पुढे ती चुकत जाते, पण प्रोग्रॅम चालूच राहतो.

नियमित बदल वर्षातून दोनदा होतात. जानेवारी आणि जुलै अखेरपर्यंतच्या सहा महिन्यांच्या आकडेवारीवरून आढावा घेतला जातो, किमान चार आठवडे आधी घोषणा होते आणि मार्च व सप्टेंबरच्या शेवटी नवी यादी लागू होते. एवढंच असतं तर कॅलेंडरवर दोन खुणा करून भागलं असतं. पण विलीनीकरण किंवा कंपनीची वाटणी या वेळापत्रकासाठी थांबत नाही, आणि जुलै २०२३ मध्ये हे दोन्ही एका आठवड्याच्या अंतराने घडलं.

आधी विलीनीकरण. एचडीएफसी लिमिटेड ही गृहकर्ज कंपनी १ जुलैला एचडीएफसी बँकेत विलीन झाली. १२ जुलै हा तिच्या शेअरच्या व्यवहारांचा शेवटचा दिवस. १३ तारखेपासून निफ्टीत तिच्या जागी एलटीआयमाइंडट्री आली. ज्याच्या यादीत जुनं नाव तसंच राहिलं, त्याच्याकडे दोनपैकी एक गोष्ट घडते. भाव पुरवणारी सेवा त्या नावाला चूक असा निरोप देते आणि प्रोग्रॅम तिथेच अडतो. हे बरं, कारण निदान कळतं तरी. किंवा ती सेवा शेवटचा माहीत असलेला भाव रोज परत पाठवत राहते. हे वाईट. समजा १२ जुलैला तो शेअर सरासरीच्या वर होता. पुढे रोज तोच भाव नोंदला जातो, सरासरी हळूहळू त्या भावाकडे सरकते, पण बहुधा खालीच राहते. म्हणजे बाजारात अस्तित्वात नसलेला शेअर कित्येक महिने ‘वर’ या रकान्यात मोजला जातो. दोनशे व्यवहारदिवस भरले की सरासरी आणि भाव एक होतात आणि एका दिवशी आकडा विनाकारण एकाने घसरतो. त्या दिवशी याचं कारण शोधायला बसलेल्या माणसाला ते जवळपास वर्षभर मागे आहे हे सुचणं कठीणच.

यावर उपाय साधा आहे. भाव मागताना त्या भावाची तारीखही मागायची. तारीख आजची नसेल तर तो आजचा भाव नव्हे, म्हणून त्याला मोजणीत धरायचं नाही आणि वगळल्याची ओळ अहवालात छापायची.

आत आलेल्या एलटीआयमाइंडट्रीची अडचण वेगळी होती. एल अँड टी इन्फोटेक आणि माइंडट्री या कंपन्या नोव्हेंबर २०२२ मध्ये एक झाल्या आणि इन्फोटेकच्या शेअरचं बाजारातलं चिन्ह `LTI` वरून `LTIM` झालं. नव्या चिन्हाने इतिहास मागितला तर काही ठिकाणी तो बदलाच्या दिवसापासूनच मिळतो. जुलै २०२३ पर्यंत तसे दोनशे दिवस भरलेच नव्हते. मग प्रोग्रॅम आहे तेवढ्याच दिवसांची सरासरी काढतो आणि तिला दोनशे दिवसांची म्हणतो. खरं तर कायद्याने टिकलेली कंपनी इन्फोटेकच होती. तिचा शेअर तोच राहिला आणि त्याचा आयएसआयएन हा बारा अक्षरांचा ओळखक्रमांकही तोच राहिला. त्या क्रमांकाने शोधलं की मागचा सलग इतिहास हाती लागतो.

चिन्हावर विसंबू नये याचा याहून झटपट दाखला २०२५ चा. झोमॅटो २८ मार्चला निफ्टीत आली आणि ९ एप्रिलला तिचं चिन्ह `ETERNAL` झालं. चिन्हांच्या दोन याद्या ताडून पाहणाऱ्या प्रोग्रॅमला दिसलं की एक कंपनी दोन आठवड्यांत बाहेर गेली आणि दुसरी आत आली. प्रत्यक्षात कोणी गेलं नव्हतं, कोणी आलंही नव्हतं. आयएसआयएनही अजरामर नाही, हे मात्र ध्यानात ठेवावं. शेअरचं दर्शनी मूल्य विभागलं की आपल्याकडे तो बदलतो. २०१९ मध्ये एचडीएफसी बँकेचा दोन रुपयांचा शेअर एक रुपयाचा झाला तेव्हा तो बदलला होता. म्हणून प्रत्येक कंपनीला आपला स्वतःचा एक क्रमांक द्यावा आणि चिन्ह, आयएसआयएन हे तिचे तारखांसह नोंदलेले तपशील समजावेत.

आता तो एकावन्नावा. रिलायन्सने आपला वित्तीय व्यवसाय वेगळा काढला. २० जुलैला सकाळी खास सत्र घेऊन उरलेल्या रिलायन्सचा भाव ठरवला गेला. आदल्या दिवशीचा बंद भाव २,८४१.८५ रुपये, नवा भाव २,५८० रुपये. मधला फरक २६१.८५ रुपये, तीच वेगळ्या झालेल्या जिओ फायनान्शियलची किंमत मानली गेली आणि त्या स्थिर भावाने तिला निफ्टीत एकावन्नावी जागा मिळाली. तिची नोंदणी झाली २१ ऑगस्टला. त्याआधीचा महिनाभर ती निर्देशांकात होती, पण तिची खरेदी-विक्री होत नव्हती. नोंदणीनंतर काही दिवसांत ती बाहेर पडायची होती, पण सुरुवातीचे दिवस ती खालच्या सर्किटला अडकली आणि मुक्काम सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत लांबला.

या एका घटनेत तीन फसगती आहेत. पहिली, रिलायन्स सव्वानऊ टक्क्यांच्या आसपास पडल्याचा खोटा इशारा. भागधारकाचं तेवढं नुकसान झालं नव्हतं, त्याच्या हाती एकाऐवजी दोन शेअर आले होते. सरासरी बरोबर यायची तर २० जुलैआधीचे रिलायन्सचे सगळे भाव २,५८० भागिले २,८४१.८५, म्हणजे सुमारे ०.९०८ ने गुणावे लागतात. काही सेवा हे करून देतात, काही देत नाहीत. आपली कोणती ते अशा एका जुन्या तारखेवर तपासून घ्यावं. दुसरी फसगत, महिनाभर न हललेला भाव. इथे तो शिळा नव्हता, नियमानेच स्थिर होता. तरी सरासरीच्या मोजणीला त्याचा उपयोग नाही, म्हणून वगळायचाच. तिसरी फसगत मला सर्वात मजेदार वाटते. बरेच जण सावधगिरी म्हणून यादीत नेमकी पन्नास नावं आहेत ना, हे प्रोग्रॅमला तपासायला लावतात. त्या दिवशी बरोबर यादी या तपासणीत नापास झाली आणि जिओ विसरलेली चुकीची यादी पास झाली.

तेव्हा यादी कोडमधून काढून हजेरीपटासारखी तारखांनिशी ठेवावी. सदस्य कधी आत आला, कधी बाहेर गेला. जुलै २०२३ च्या या तीन ओळी अशा दिसतील (आपली नोंदवही त्या वर्षाच्या पहिल्या व्यवहारदिवशी उघडली असं धरून):

```
symbol   from_date    to_date
HDFC     2023-01-02   2023-07-13
LTIM     2023-07-13   2024-09-30
JIOFIN   2023-07-20   2023-09-07
```

बाहेर जाण्याची तारीख म्हणजे यादीत नसलेला पहिला दिवस. असं धरलं की १३ जुलैला एचडीएफसी आणि एलटीआयमाइंडट्री दोन्ही मोजल्या जात नाहीत. एखाद्या दिवसाचे सदस्य मग एवढ्याने मिळतात:

```sql
SELECT symbol FROM members
WHERE from_date <= :d
  AND (to_date IS NULL OR to_date > :d);
```

२० जुलैला यातून एकावन्न नावं येतात. जिओला सरासरी नाही, म्हणून भागायचं पन्नासने. अहवालात ‘५१ सदस्य, १ वगळला’ असं लिहायचं, नाहीतर हा योगायोगाचा पन्नास पुढे कोणालातरी फसवणार.

शिवाय बदलाच्या दिवशी आकडा दोनदा काढावा, एकदा जुन्या यादीने आणि एकदा नव्या. निफ्टीत येणारे शेअर बहुधा चढलेले असतात, जाणारे बहुधा उतरलेले. त्यामुळे बाजार जागचा न हलताही ‘सरासरीच्या वर’ असलेल्यांची संख्या एकाने-दोनाने वाढू शकते. जुन्या यादीचा आकडा शेजारी असला की वाढ बाजाराची किती आणि यादीची किती हे स्पष्ट दिसतं. नव्या सदस्याची कालची स्थिती आपल्याकडे नसते, म्हणून पहिल्या दिवशी ‘सरासरी ओलांडली’ असा इशारा त्याच्यासाठी द्यायचाच नाही. फक्त स्थिती नोंदून ठेवायची. आणि बाहेर गेलेला शेअर तुमच्या स्वतःकडे असेल तर त्याच्यावरची नजर काढू नका. निफ्टीची यादी वेगळी आणि तुमच्या गुंतवणुकीची वेगळी, हे प्रोग्रॅमलाही माहीत असायला हवं.

राहिली घोषणेची गोष्ट. परिपत्रक आलं की पुढची तारीख टाकून मोकळं व्हावंसं वाटतं, पण तारीखही बदलते. २०२० च्या फेब्रुवारीत जाहीर झालं होतं की येस बँकेच्या जागी श्री सिमेंट २७ मार्चपासून येईल. ५ मार्चला रिझर्व्ह बँकेने येस बँकेवर निर्बंध घातले, दुसऱ्या दिवशी तिचा शेअर निम्म्याहून खाली आला, आणि निफ्टीतली अदलाबदल १९ मार्चवर ओढली गेली. म्हणून घोषित तारीख ही ‘अपेक्षित’ म्हणून नोंदवावी आणि लागू होण्याच्या सकाळी अधिकृत यादीची `ind_nifty50list.csv` ही फाइल उतरवून आपल्या नोंदीशी ताडून घ्यावी. फरक आढळला तर प्रोग्रॅमने स्वतःहून नोंद बदलू नये, तुम्हाला विचारावं. ती फाइल कधी उशिरा अद्ययावत होते, कधी अर्धवट उतरते, आणि अर्ध्या फाइलवर विसंबलं तर पंचवीस कंपन्या एका सकाळी ‘बाहेर’ जातात. उतरवलेली प्रत्येक फाइल तारखेसह जपूनही ठेवा. त्या संकेतस्थळावरच्या फाइलमध्ये फक्त चालू यादी असते, कालची नसते.

ही जपणूक मागे वळून पाहताना कामी येते. आजच्या पन्नास कंपन्या घेऊन २०२० चा मार्च तपासला तर त्यात येस बँक नसतेच, आणि तेव्हा जी पद्धत बुडाली असती ती कागदावर सुरक्षित दिसते. निफ्टीवर बेतलेल्या कोणत्याही पद्धतीचे गेल्या दहा वर्षांचे आकडे कोणी दाखवले, तर त्यात येस बँक कोणत्या तारखेपर्यंत होती हे आधी विचारा.