मीठ घातले की चांदी खाली बसते, पण कुठवर?

सिल्व्हर नायट्रेटच्या पाण्यात मिठाचे पाणी ओतले की दह्यासारखा पांढरा साका येतो. तो सिल्व्हर क्लोराइडचा. हा पदार्थ पाण्यात विरघळत नाही असे आपण सर्रास म्हणतो, पण २५ अंश सेल्सिअसला एक लिटर शुद्ध पाण्यात त्याचे सुमारे १.९ मिलिग्रॅम विरघळतात. चांदी मोजून काढणाऱ्याला तेवढी गळतीही नको असते, म्हणून तो मीठ किंवा हायड्रोक्लोरिक आम्ल गरजेपेक्षा थोडे जास्त घालतो.

त्यामागचा हिशेब सोपा आहे. साक्यातून चांदीचे आणि क्लोराइडचे आयन सतत सुटत असतात आणि परत त्यावर बसतही असतात. द्रावण संपृक्त झाले की या दोन आयनांच्या संहतींचा गुणाकार ठरलेला राहतो: लिटरमागे मोलमध्ये मोजल्यास 1.8 × 10⁻¹⁰. शुद्ध पाण्यात दोन्ही आयन साक्यातूनच येतात, त्यामुळे दोघांची संहती सारखी, म्हणजे 1.34 × 10⁻⁵.

आता पाण्यात लिटरला ५.८५ ग्रॅम मीठ आधीच विरघळलेले आहे असे धरा. म्हणजे क्लोराइड ०.१ मोल. एक संख्या एवढी वाढली, तर गुणाकार तोच राखायला चांदीची संहती 1.8 × 10⁻⁹ वर उतरायला हवी. शुद्ध पाण्याच्या तुलनेत ही घट जवळजवळ साडेसात हजारपट. हाच समाईक आयन परिणाम, आणि परीक्षेतले उत्तर इथेच संपते.

चंचुपात्रात मात्र एवढी घट दिसत नाही. मोकळ्या चांदी-आयनांची संहती खरोखर तेवढी उतरते. पण सगळी विरघळलेली चांदी मोकळी नसते. एका चांदीला दोन क्लोराइड चिकटून AgCl₂⁻ हा विरघळणारा संकुल आयन तयार होतो, आणि क्लोराइड वाढेल तसा तोही वाढतो. शिवाय AgCl चे काही अखंड रेणूही पाण्यात असतात. हे सगळे धरले, तर ०.१ मोलच्या त्या पाण्यात एकूण सिल्व्हर क्लोराइड ०.३ ते ०.५ मिलिग्रॅम निघते. ते शुद्ध पाण्यापेक्षा कमी खरे, पण साध्या हिशेबाच्या हजारपटीहून जास्त.

विद्राव्यता सर्वांत खाली जाते ती लिटरला जेमतेम चिमूटभर मिठाशी, क्लोराइड काही सहस्रांश मोल असताना. त्यापुढचे मीठ साका राखत नाही, उलट हळूहळू विरघळवते. समुद्राइतका खारटपणा आला, की विद्राव्यता पुन्हा शुद्ध पाण्याच्या आसपास पोचते. एकोणिसाव्या शतकात जर्मनीतल्या ऑगस्टिन पद्धतीत तर याचाच उपयोग केला जाई: मीठ घालून भाजलेल्या खनिजातले सिल्व्हर क्लोराइड कढत, दाट मिठवणीत विरघळवून काढत.

म्हणूनच प्रयोगशाळेत आम्ल जपून, किंचितच जास्त घालतात. गाळलेल्या द्रवात संकुलाच्या रूपाने चांदी सुटून गेली असेल, अशी शंका आलीच, तर तो भरपूर शुद्ध पाण्यात ओतून पाहावा. क्लोराइड विरळ झाले की संकुल तुटतो, आणि चांदी पुरेशी असली तर नितळ द्रव पुन्हा पांढरट होतो.