उलटा फिरणारा स्क्रोल

लग्नसराई तोंडावर आली की मंगल कार्यालयांत दुरुस्तीची घाई उडते. जुनं पॅनेल काढून नवं बसतं, मुख्य केबल बदलली जाते. इलेक्ट्रिशियन तिन्ही फेजमध्ये ४१५ व्होल्ट येतात का ते पाहतो, दिवे लावतो, पंखे फिरवतो आणि काम झालं म्हणून निघून जातो. दुसऱ्या दिवशी हॉलचा साडेआठ टनी डक्टेबल एसी चालू केला, की गच्चीवरच्या आउटडोअर युनिटमधून दगड भरलेला डबा हलवल्यासारखा खडखडाट सुरू होतो. खाली जाळीतून हवा येते, पण गार नाही. मेकॅनिक येतो, गेज लावतो आणि पाच मिनिटांत निकाल देतो : "साहेब, कॉम्प्रेसर गेला. पंपिंगच करत नाही."

प्रसंग नेहमीचा आहे, आणि निकाल बहुतेक वेळा चुकीचा. कॉम्प्रेसर ठणठणीत असतो. तो फक्त उलटा फिरत असतो.

मेकॅनिकला दोष देण्यापूर्वी त्याची तालीम कुठे झाली ते पाहायला हवं. महाराष्ट्रातल्या जुन्या कारागिरांचा हात बसला तो पिस्टनच्या कॉम्प्रेसरवर. कराडच्या किर्लोस्कर-कोपलँडचे हर्मेटिक कॉम्प्रेसर त्याच जातीचे. पिस्टन वर-खाली होतो, झडपा आपापल्या दाबाने उघडतात आणि मिटतात. शाफ्ट डावीकडे फिरला काय किंवा उजवीकडे, गॅस दाबला जातोच. त्या यंत्रात दोन्ही गेजचे काटे एकाच आकड्यावर अडकले आणि अँपिअर कमी आले, तर झडप तुटली असंच समजायचं. तोच नियम स्क्रोलला लावला की नवाकोरा कॉम्प्रेसर भंगारात जातो.

स्क्रोलची कल्पना जुनी आहे. फ्रेंच अभियंता लेओं क्रू याला तिचं अमेरिकन पेटंट १९०५ मध्ये मिळालं. पण सर्पिलाच्या दोन भिंती एकमेकींना गॅस निसटणार नाही इतक्या नेमक्या कातून काढणं त्या काळी शक्य नव्हतं. म्हणून हे यंत्र एसीत आलं ते १९८०च्या दशकात. आत दोन सर्पिल एकमेकांत अडकवलेले असतात. एक जागचा हलत नाही. दुसरा स्वतःभोवती न फिरता छोट्या वर्तुळात घुमत राहतो. या घुमण्यामुळे दोघांच्या मध्ये चंद्रकोरीसारखे कप्पे तयार होतात. ते बाहेरच्या कडेला सक्शनचा गॅस पकडतात, मध्याकडे सरकत लहान होत जातात आणि दाबलेला गॅस मधल्या भोकातून वर सोडतात.

आता मोटर उलटी फिरवा. कप्पे मध्यावर जन्मतात आणि बाहेर सरकत मोठे होतात. बऱ्याच मॉडेलांत मधल्या भोकावर एकाच बाजूला उघडणारी झडप असते, ती घट्ट मिटते. त्यामुळे आत यायला गॅसच नाही आणि बाहेर ढकलायलाही काही नाही. सुलट चालताना गॅसचा दाब दोन्ही सर्पिलांना एकमेकांशी नीट टेकवून धरतो. उलट चालताना तो आधार मिळत नाही, भिंती एकमेकींवर आपटत राहतात, आणि गच्चीवरचा खडखडाट तोच.

कार्यालयातल्या एसीत आर-४१०ए गॅस आहे असं धरू. मशीन बंद असताना तीस अंशांच्या हवेत दोन्ही गेज साधारण २६० पीएसआय दाखवतात. स्क्रोल सुलट चालू झाला, की काही सेकंदांत सक्शनचा काटा खाली पडून १२०-१३०च्या आसपास स्थिरावतो आणि डिस्चार्जचा चढत चारशेच्या घरात जातो. उलट चालत असेल तर दोन्ही काटे २६०च्या जवळपासच घुटमळतात. टाँग टेस्टर लावला तर एरवी तेरा-चौदा अँपिअर घेणारी मोटर सहा-सात दाखवते, कारण ती काहीच दाबत नाही. आवाज मोठा, अँपिअर कमी आणि काटे जागच्या जागी : तिन्ही एकदम दिसलं, तर पहिला संशय फेजवर घ्यायचा.

गंमत म्हणजे, मशीनची स्वतःची राखणदारी इथे झोपलेली असते. लो-प्रेशर कटआउट पडत नाही, कारण सक्शन कमी झालेलंच नाही. हाय-प्रेशरचं कटआउट तर लांबच. मोटरला गार ठेवणारा सक्शनचा थंड गॅस मात्र वाहत नाही, म्हणून ती तापत जाते आणि काही मिनिटांनी आतला थर्मल प्रोटेक्टर तिला बंद करतो. कवच निवलं की ती पुन्हा चालू होते आणि पुन्हा खडखडते. थोडा वेळ उलट चालल्याने स्क्रोलचं सहसा काही बिघडत नाही. पण दिवसभर हाच खेळ चालू ठेवला तर यंत्र खरंच जातं, आणि मग मेकॅनिकचा पहिला निकाल खरा ठरतो!

गच्चीवरच्या पंख्यावर मात्र विश्वास ठेवू नये. तो अनेकदा सिंगल फेजवर चालतो, त्यामुळे फेजचा क्रम बिघडला तरी बिनधास्त सुलट फिरतो. आतला ब्लोअर थ्री फेज असला तरी फसवतो. तो सेंट्रिफ्युगल असल्यामुळे उलटा फिरूनही हवा डक्टकडेच ढकलतो, फक्त कमी. पाण्याचा थ्री फेज पंप किंवा लिफ्ट असेल तर तिथे विचारपूस करावी. लिफ्ट सकाळपासून हलत नसेल, तर गडबड एसीच्या वायरीत नसून मुख्य केबलमध्येच झाली, हे जवळपास ठरलं.

उपाय दोन मिनिटांचा आहे. आयसोलेटर बंद करून कुलूप लावायचं, टेस्टरने वीज नसल्याची खात्री करायची आणि आर, वाय, बी यांपैकी कोणत्याही दोन वायरी आपसात बदलायच्या. दोनच! तिन्ही एकेक घर पुढे सरकवल्या तर क्रम तोच राहतो आणि मोटरही तशीच उलटी. एकटा कॉम्प्रेसर उलटा असेल तर अदलाबदल त्याच्या कॉन्टॅक्टरच्या खाली करायची. सगळ्याच मोटरी उलट्या असतील तर इनकमरवर. मग मशीन चालू करून काटे लगेच फाकतात का ते पाहायचं.

मशीन बंद करताना एक-दोन सेकंद येणारा खडखड आवाज याच्याशी गल्लत करून घेऊ नये. आतला दाबलेला गॅस परत फिरताना सर्पिल क्षणभर मागे घुमतो, तो आवाज नेहमीचाच आहे.

फेज सिक्वेन्स रिले बसवला की चुकीच्या क्रमाला कॉन्टॅक्टर उचललाच जात नाही. "एसी चालू होत नाही" म्हणून हा रिलेच बायपास करणारे हातही आहेत, आणि पुढचं सगळं रामायण तिथूनच सुरू होतं. रिलेची मर्यादाही ध्यानात ठेवावी. तो आपल्यापर्यंत आलेल्या वायरींचा क्रम पाहतो. त्याच्या पुढे, कॉन्टॅक्टर आणि कॉम्प्रेसरच्या मध्ये कुणी वायर बदलली, तर त्याला पत्ता लागत नाही.

कार्यालयात जनरेटर असेल तर आणखी एक तपासणी राहते. चेंजओव्हरच्या दोन्ही बाजूंना फेज सिक्वेन्स मीटर लावून क्रम एकच आहे का ते पाहावं लागतं. जनरेटरवर एसी खडखडला म्हणून कॉम्प्रेसरच्या वायरी बदलल्या, तर लाइटवर तो खडखडणार. अशा वेळी वायरी बदलायच्या त्या जनरेटरच्या बाजूला, चेंजओव्हरच्या आधी.