हातकडी केव्हा बेकायदेशीर ठरते?

सुरंगी येथे अटक झालेल्या इसमास सिल्वासाच्या न्यायालयात नेताना हातकडी घालता येईल काय? दादरा व नगर हवेली मुंबई उच्च न्यायालयाच्या अधिकारक्षेत्रात असल्याने सोलापूरचे एक प्रकरण येथे उद्‌बोधक ठरावे. तेथे एका कच्च्या कैद्यास हातकडी घालून भर रस्त्यातून फिरविण्यात आले. उच्च न्यायालयाने दहा हजार रुपये नुकसानभरपाई देवविली व ती पोलीस निरीक्षकाने स्वतः द्यावी, असे फर्माविले. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रक्कम कायम ठेवली. मात्र अधिकारी पदाच्या नात्याने वागला असल्याने ती शासनाने द्यावी, असे ठरविले. म्हणजे चूक एकाची, भुर्दंड सरकारी तिजोरीस!

१९८० मध्येच प्रेमशंकर शुक्ला प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने दंडक घालून दिला होता: पलायन रोखण्याचा अन्य उपाय नसेल तरच हातकडी, आणि तिची कारणे लेखी नोंदवून न्यायाधीशांपुढे ठेवावयाची. आरोप गंभीर आहे, एवढे कारण पुरेसे नव्हे.

१ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४३ ने सराईत गुन्हेगार, कोठडीतून पळालेले, तसेच खून, बलात्कार, दहशतवाद यांसारख्या गुन्ह्यांतील व्यक्तींना हातकडी घालण्याची मुभा दिली आहे. परंतु ती अटक करताना व न्यायालयापुढे हजर करतानाच. बाजारपेठेतून धिंड काढणे त्यात बसत नाही. शिवाय पलायन रोखण्यास आवश्यक त्याहून अधिक बंधन घालू नये, असे कलम ४६ सांगते. किरकोळ मारामारीत प्रथमच पकडलेल्या, पळून जाण्याची चिन्हे नसलेल्या इसमास हातकडी घातल्यास ती बेकायदेशीरच होय. अशा वेळी आरोपीने वा त्याच्या वकिलाने ती गोष्ट हजर होताच दंडाधिकाऱ्यांच्या नजरेस आणावी.